निवृत्तीनंतर दरमहा ठरावीक रक्कम काढायची, तर हाताशी पुंजी किती हवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत ठेवींच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली. निवृत्तीनंतर फोंड्यात घरीच असतो. कुंडई, वेर्णा, डिचोलीकडच्या कारखान्यांतून निवृत्त होणारी ओळखीची माणसं कागद घेऊन येतात आणि बहुतेक सगळे एकच विचारतात: एवढे पैसे मिळालेत, ते किती वर्षं पुरतील? त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

माझं वय ६० आहे. ८५ व्या वर्षापर्यंत दरमहा ३०,००० रुपये हवेत. पुंजी किती लागेल?

व्याज मुळीच मिळत नसतं, तर हिशेब सरळ होता. ३०० महिने गुणिले ३०,००० म्हणजे ९० लाख. पण उरलेली रक्कम व्याज कमावत राहते, म्हणून एवढी गरज पडत नाही. वर्षाला ७.२ टक्के, म्हणजे महिन्याला ०.६ टक्के व्याज धरलं, तर ४१,६९,०५० रुपये पुरतात. महिनाअखेरीला ३०,००० काढत गेलात, तर ३००वा हप्ता काढल्यावर खात्यात शून्य उरेल. काढलेल्या ९० लाखांपैकी सुमारे ४८ लाख ३१ हजार रुपये निव्वळ व्याजाचे असतील.

७.२ हा दर मी उदाहरणासाठी घेतला आहे, महिन्याचा आकडा सुटसुटीत येतो म्हणून. तुम्हाला मिळणारा दर तुमच्या ठेवपावतीवर असेल, तोच धरा.

४१ लाख ६९ हजार हा आकडा आला कुठून?

सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागचा विचार समजून घेतलेला बरा. एकदा कळला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आधी असं धरा की तुम्हाला मुद्दलाला हात लावायचा नाही आणि नुसत्या व्याजावर राहायचं आहे. महिन्याला ०.६ टक्के दराने ३०,००० व्याज हवं, तर ३०,००० भागिले ०.००६, म्हणजे बरोबर ५० लाख रुपये लागतील. ते ५० लाख कधीच संपणार नाहीत. २५ वर्षांनी तुम्ही ८५ चे व्हाल, तेव्हाही ते तसेच असतील.

पण तुमची अट एवढीच आहे की पैसे ८५ पर्यंत पुरावेत. मागे ५० लाख ठेवायची सक्ती नाही. मग २५ वर्षांनी हाताशी असणाऱ्या त्या ५० लाखांची आजची किंमत काय? ०.६ टक्के मासिक दराने आज ८,३०,९५० रुपये ठेवले, तर ३०० महिन्यांनी त्यांचे ५० लाख होतात. म्हणजे शेवटी ५० लाख मागे न ठेवण्याची मुभा घेतली, की आज ८,३०,९५० रुपये कमी लागतात. ५०,००,००० वजा ८,३०,९५० केलं की ४१,६९,०५० उरतात. सूत्र म्हणजे हीच वजाबाकी:

```
P = (M / r) - (M / r) / (1 + r)^n
```

यात `P` म्हणजे लागणारी पुंजी, `M` म्हणजे महिन्याची रक्कम, `r` म्हणजे महिन्याचा दर (०.६ टक्के असेल तर 0.006) आणि `n` म्हणजे एकूण महिने.

हे संगणकावर कसं काढायचं?

एक्सेल किंवा तसल्या कुठल्याही तक्त्याच्या एका चौकटीत पहिली ओळ टाका. पुंजी आधीच ठरलेली असेल आणि ती किती महिने पुरेल हे हवं असेल, तर दुसरी टाका.

```
=PV(0.072/12, 25*12, -30000)
=NPER(0.072/12, -30000, 4169050)
```

उणे चिन्ह विसरू नका, नाहीतर उत्तर उलट्या चिन्हाचं किंवा भलतंच येतं. दुसऱ्या सूत्राने कधी `#NUM!` दाखवलं, तर घाबरू नका. या उदाहरणात पुंजी ५० लाख किंवा त्याहून जास्त लिहिली की असं होतं. तुम्ही काढता तेवढं किंवा त्याहून जास्त व्याजच येतं, तेव्हा महिन्यांची संख्या निघतच नाही, कारण पैसे संपतच नाहीत.

पैसे महिन्याच्या सुरुवातीला काढले तर?

पहिला हप्ता पहिल्याच दिवशी घेतला, तर एका महिन्याच्या व्याजाएवढी जास्त पुंजी लागते. आपल्या उदाहरणात हा फरक सुमारे २५,००० रुपयांचा आहे. त्यावर झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

शिल्लक कशी कमी होत जाते? दरवर्षी सारखीच का?

नाही. माणसं फसतात ती याच ठिकाणी, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

पहिल्या महिन्यात ४१,६९,०५० रुपयांवर २५,०१४ रुपये व्याज पडतं. तुम्ही ३०,००० काढता, म्हणजे मुद्दलातून जातात फक्त ४,९८६ रुपये. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढं कमी, म्हणून व्याजही किंचित कमी, आणि मुद्दलातून ५,०१६ रुपये जातात. मुद्दलाला बसणारा हा ओरखडा दर महिन्याला ०.६ टक्क्यांनी मोठा होत जातो. पहिल्या संपूर्ण वर्षात मुद्दल जेमतेम ६१,८४३ रुपयांनी घटतं. शेवटच्या महिन्यात मात्र ३०,००० पैकी व्याज दोनशेच्याही आत असतं, बाकी सगळं मुद्दल.

| वय पूर्ण | खात्यात असायला हवी ती शिल्लक |
|---|---|
| ६० | ४१,६९,०५० |
| ६५ | ३८,१०,२५० |
| ७० | ३२,९६,५४० |
| ७५ | २५,६१,००० |
| ८० | १५,०७,८७० |
| ८५ | ० |

पाच वर्षं दरमहा पैसे काढूनही ४१ लाखांचे ३८ लाखच झालेले दिसतात. निम्मी मुदत, म्हणजे साडेबारा वर्षं सरली, तरी ७१ टक्के पैसे शिल्लक असतात. पुंजी निम्मी होते साडेसतरा वर्षांनी, आणि उरलेली निम्मी पुढच्या साडेसात वर्षांत जाते. डोंगराचा उतार आधी जवळजवळ सपाट आणि शेवटी कड्यासारखा, असं हे चित्र आहे.

मग सुरुवातीला थोडं जास्त काढलं तर काय बिघडतं?

कुंडईच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ माझ्याकडे साधारण याच आकड्यांचा कागद घेऊन आले होते. दोन वर्षांचं पासबुक दाखवून म्हणाले, "पैसे तर काही कमी होत नाहीत. आता ३३,००० काढतो." त्यांना तसं वाटणं स्वाभाविकच होतं, कारण पासबुकात खरोखरच तसं दिसत होतं.

पहिल्या महिन्यापासून ३०,००० ऐवजी ३३,००० काढले, तर ४१,६९,०५० रुपये ३०० महिन्यांऐवजी सुमारे २३७ महिने पुरतात. म्हणजे १९ वर्षं ९ महिने. रक्कम दहा टक्क्यांनी वाढवली आणि मुदत पाच वर्षांहून जास्त घटली. पहिल्या महिन्यात मुद्दलातून ४,९८६ जाणार होते, त्याऐवजी ७,९८६ जातात. तुमच्या खर्चात वाढ दहा टक्के, पण मुद्दलाच्या झिजेत ती साठ टक्के. पुढे व्याज देणारे पैसे आपण आधीच खाल्लेले असतात, हे त्यामागचं कारण.

त्या गृहस्थांनी ३०,००० च ठेवले. जास्तीचे ३,००० कुळागरातल्या सुपारीच्या पैशांतून जमेल तेव्हा घ्यायचे, असं ठरवलं. मला तो मार्ग पटला. कुळागराचं उत्पन्न एका वर्षी चांगलं, एका वर्षी नाही, म्हणून महिन्याच्या ठरलेल्या खर्चाच्या हिशेबात ते धरू नये.

व्याजदर उतरले तर?

परिणाम जवळपास तेवढाच जबर. तीच पुंजी, तेच ३०,०००, पण दर ७.२ ऐवजी ६ टक्के मिळाला, तर पैसे २३८ महिन्यांत संपतात. ८५ पर्यंत पोचणार होते, ते ऐंशीचा वाढदिवसही गाठत नाहीत. ६ टक्के दरानेही ८५ पर्यंत पुरायचे असतील, तर सुरुवातीला ४६,५६,२०० रुपये हवेत, म्हणजे जवळजवळ पाच लाख जास्त.

माझा सल्ला असा: आज जो दर मिळतो त्यापेक्षा एक टक्का कमी धरून पुंजी काढा. मुदत ठेव बहुतेक बँकांत फार तर दहा वर्षांची असते. त्यानंतर नूतनीकरण त्या वेळच्या दराने होणार, आणि तो दर आज कोणाच्याच हातात नाही.

दराबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. ७.२ टक्के "वार्षिक परतावा" म्हणजे चक्रवाढ धरून वर्षाअखेरचा आकडा असेल, तर महिन्याचा दर ०.६ नसतो, ०.५८१ असतो. त्या दराने पुंजी ४२,५५,००० च्या आसपास लागते. जाहिरातीतला आकडा कोणता आहे, हे काउंटरवर विचारून घ्या.

वर्षं किती धरायची? बायको माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे.

मग हिशेब तिच्या वयाने करा. ती आज ५४ ची असेल आणि तिच्या ९० व्या वर्षापर्यंत पैसे हवे असतील, तर ३६ वर्षं, म्हणजे ४३२ महिने धरावे लागतील. ७.२ टक्क्यांनी पुंजी येते ४६,२२,७०० रुपये. अकरा वर्षं वाढली, पण वाढ फक्त साडेचार लाखांची. शेवटची वर्षं स्वस्त पडतात, कारण त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना वाढायला अडीच-तीन दशकं मिळतात. म्हणून वर्षं मोजताना हात आखडू नका. खाती आणि ठेवी दोघांच्या नावे ठेवा. नाहीतर अगदी गरजेच्या वेळी पैसे कागदपत्रांत अडकतात.

आजचे ३०,००० पंचवीस वर्षांनीही पुरतील का?

नाही. वरचा सगळा हिशेब ठरावीक रकमेचा आहे, आणि रुपयांचा आकडा ठरावीक राहिला तरी त्यात येणारं सामान तेवढंच राहत नाही. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर दहा वर्षांनंतरच्या ३०,००० मध्ये आजच्या साधारण १८,४०० रुपयांचं सामान येईल. पंचवीस वर्षांनंतर ८,८५० रुपयांचं.

काढायची रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवायची ठरवली, म्हणजे पहिल्या वर्षी दरमहा ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३१,५०० असं, तर ७.२ टक्के व्याजाने २५ वर्षांसाठी सुमारे ६६ लाख ६० हजार रुपये लागतात. ठरावीक रकमेपेक्षा २५ लाख जास्त. हा आकडा ऐकून माणसं गप्प होतात, पण तो लपवून उपयोग नाही.

एवढी पुंजी नसेल, तर मधला मार्ग काढावा लागतो. घर स्वतःचं, विहिरीला पाणी, परसात नारळ, अशा गावातल्या माणसाच्या खर्चातला मोठा वाटा वाण्याचं बिल, मासळी, गॅस आणि औषधं यांचा. पणजीत किंवा मडगावात भाड्याने राहणाऱ्याला दरवर्षी वाढणारं भाडंही धरावं लागतं. भाड्याच्या घरात राहत असाल, तर ठरावीक रकमेच्या हिशेबावर मुळीच विसंबू नका.

पैसे ठेवायचे कुठे, म्हणजे असे दरमहा काढता येतील?

इथे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना फक्त व्याज देतात, आणि मुद्दल मुदतीअखेर परत करतात. ज्येष्ठ नागरिक योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, आणि व्याज दर तिमाहीला मिळतं, दरमहा नाही. सुरक्षित पैशांसाठी या योजना उत्तम. पण मुद्दल हळूहळू वापरण्याची सोय त्यांत नाही.

मुद्दल आणि व्याज मिळून समान हप्ता देणारी ठेव काही बँकांत मिळते. स्टेट बँकेच्या अशा योजनेचं नाव ॲन्युइटी डिपॉझिट आहे, आणि तिच्या मुदती ३६, ६०, ८४ किंवा १२० महिने. म्हणजे सर्वांत लांब दहा वर्षं. पंचवीस वर्षांचं काम तिच्याकडून करून घ्यायचं, तर पुंजीचे दोन भाग करावे लागतात.

आपल्या उदाहरणात दरमहा ३०,००० दहा वर्षं मिळण्यासाठी २५,६१,००० रुपये लागतात. तेवढे या ठेवीत घाला. उरलेले १६,०८,०५० रुपये व्याज न काढता चक्रवाढीने वाढू द्या. तोच दर मिळाला, तर दहा वर्षांनी त्यांचे सुमारे ३२,९६,५०० होतात. आता वरच्या तक्त्यात सत्तराव्या वर्षाची शिल्लक पाहा. आकडा तोच आहे. दोन भाग केल्याने गणितात काही कमी-जास्त होत नाही, पण पहिली दहा वर्षं हप्ता पक्का राहतो आणि दुसऱ्या भागाला हात लावण्याचा मोह टळतो.

एका बँकेत एका ठेवीदाराचा विमा मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंतच असतो. नागरी सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. जास्त व्याजाच्या ओढीने आयुष्याची कमाई एकाच पतसंस्थेत ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. असं करू नका.

म्युच्युअल फंडातून दरमहा पैसे काढण्याची सोय असते. ती कशी?

तिला एसडब्ल्यूपी म्हणतात. दरमहा ठरलेल्या रकमेएवढी युनिट्स विकली जातात. इथे परतावा दर महिन्याला सारखा नसतो, आणि पडझड कधी होते यावर सगळं अवलंबून राहतं.

समजा पहिल्या वर्षाच्या अखेरीस शिल्लक तक्त्यापेक्षा २० टक्के कमी निघाली. ४१,०७,२०० असायला हवे होते, ते ३२,८५,८०० आहेत. त्यापुढे अगदी नियमित ०.६ टक्के मिळत गेले आणि तुम्ही ३०,००० काढत राहिलात, तर पैसे आणखी १५ वर्षंही पुरत नाहीत. हवे होते २४ वर्षं. तीच २० टक्क्यांची घट ८० व्या वर्षी झाली असती, तर नुकसान फक्त चौदा महिन्यांचं. म्हणून पहिल्या पाच-सात वर्षांचा खर्च बाजाराशी बांधलेल्या फंडात ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. फंड वापरायचाच असेल, तर तो त्या दुसऱ्या, वाढत ठेवलेल्या भागातल्या काही हिश्श्यासाठी.

चवथीचा खर्च, पावसाआधी कौलं शाकारणं, हे कुठे धरायचं?

वेगळं धरा. वर्षाला एकदा ६०,००० लागत असतील, तर २५ वर्षांसाठी त्यांची वेगळी पुंजी सुमारे ६,७२,००० रुपये होते. महिन्याच्या रकमेत हे धरलं नाही, की प्रत्येक चवथीला मुद्दलातून "एवढ्यापुरते" पैसे निघतात. आजारपणाचे पैसेही या हिशेबात आणू नका. त्यांची ठेव निराळी असू द्या.

कर किती लागेल?

दरमहा हातात येणारे सगळे ३०,००० उत्पन्न नसतात. मुद्दलातून आलेला भाग तुमचेच पैसे आहेत, कर फक्त व्याजावर. पहिल्या वर्षी ३,६०,००० पैकी व्याज सुमारे २,९८,००० आणि पुढे दरवर्षी कमी. दुसरं फारसं उत्पन्न नसेल, तर बहुधा कर लागत नाही. तसं असेल, तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला बँकेत कर लागत नसल्याचं घोषणापत्र द्या, म्हणजे बँक टीडीएस कापणार नाही.

सगळं ठरलंय तसं चाललंय, हे कसं ओळखायचं?

पासबुकातली शिल्लक मागच्या वर्षीशी ताडू नका, तक्त्याशी ताडा. दर वाढदिवसाला एकदा पुरे. सगळ्या ठेवींची बेरीज करा आणि त्या वयासमोरच्या आकड्याशी लावून पाहा.

समजा ६५ पूर्ण झालं, आणि ३८,१०,२५० च्या ऐवजी ३६,००,००० आहेत. अजून २४० महिने जायचे आहेत. `=PMT(0.072/12, 240, -3600000)` टाकलं की २८,३४४ येतात. दर तोच असेल, तर पुढच्या महिन्यापासून हीच रक्कम काढा. फरक आहे १,६५६ रुपयांचा. पासष्टीत एवढी कात्री सोसते. तीच तूट अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लक्षात आली, तर महिन्याला कित्येक हजार कमी करावे लागतात, आणि तेव्हा औषधांचं बिल काही कमी होत नाही.